ओल की ओळ : शिरोड्याच्या एका भजनाचा शोध

गेल्या श्रावणात ठाण्याहून एक फोन आला. मूळ शिरोड्याचा मुलगा. मुलगा म्हणजे पन्नाशी उलटलेला गृहस्थ, पण त्याच्या वडिलांना मी आबा म्हणत असे, त्यामुळे माझ्या लेखी तो अजून मुलगाच.

"दादा, आबांचं वर्षश्राद्ध गावच्या घरीच करायचं ठरवलंय. संध्याकाळी तुमच्या मंडळाने भजन करावं. आणि आबा रोज तिन्हीसांजेला तुळशीपुढे जे म्हणायचे, ते त्यात हवंच."

"कोणतं म्हणायचे?"

"तेच तर आठवत नाही. शेजारच्या बायला आठवेल कदाचित."

शेजारची बाय म्हणजे बाजूच्या ख्रिस्ती घरातली थोरली मुलगी. आता तीही साठीची आहे आणि मडगावला राहते. लहानपणी आबांचे भजन संपले की बायच्या घरी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू व्हायचा, म्हणून भजन कुठवर आले आहे याकडे मुलांचे बारीक लक्ष असे. आबांच्या मुलाने जे कधी कान देऊन ऐकले नाही ते हिने रोज ऐकले होते. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "मास्तर, सगळें ना, थोडें याद आसा. बरोवन धाडटां." अर्ध्या तासात व्हॉट्सअॅपवर तीन ओळी आल्या:

```
vivekachi torel oll
axem ki bolavem bol
ugich chikhol kalovum noko re
```

मी फोंड्याच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. पुस्तक शोधण्यात हयात गेली आहे आणि भजनी मंडळात तीस वर्षे पेटी वाजवतो. तीन ओळी हातात असताना भजन सापडायला दहा मिनिटे पुरतील असे वाटले होते. दोन संध्याकाळी गेल्या. त्या का गेल्या, तेवढेच इथे लिहितो.

पहिल्यांदा मी काहीही न बदलता तिसरी ओळ सर्चमध्ये टाकली. तीच सगळ्यांत पूर्ण वाटत होती. समोर आली कोकणी गाण्यांची रांग: मांडो, तियात्रातली कांतारां, लग्नातली गाणी. चूक सर्चची नव्हती. `kalovum` आणि `noko` असे लिहिणारा माणूस कोकणी गाणेच शोधत असणार, असा अंदाज यंत्राने बांधला आणि तो अंदाज शहाणपणाचाच होता. बायने मराठी शब्द कोकणीच्या रोमन लेखनपद्धतीने लिहिले होते.

गोव्याबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवे. आपण मुंबई-पुण्याकडे मराठी जेव्हा रोमनमध्ये टाइप करतो तेव्हा इंग्रजी शाळेत शिकलेल्या अक्षरांच्या आधाराने करतो. `sh` म्हणजे श, `v` म्हणजे व किंवा व्ह, आणि `a` म्हणजे अ, आ किंवा काहीच नाही. गोव्यातली रोमी कोकणी ही याहून जुनी आणि शिस्तीची गोष्ट आहे, आणि तिची मुळे पोर्तुगीज वर्णांत आहेत. तीत `x` म्हणजे श. शब्दाच्या शेवटचा `m` बहुधा म नसतोच, तो आधीच्या स्वराचा अनुनासिक असतो, म्हणजे आपला अनुस्वार. व्यंजन दोनदा लिहिले की ते मूर्धन्य होते: `tt` म्हणजे ट, `dd` म्हणजे ड, `nn` म्हणजे ण, `ll` म्हणजे ळ. आणि कोकणी बोलताना अ चा उच्चार ओ कडे झुकतो, म्हणून घर लिहायचे `ghor`. चर्चमधली प्रार्थनेची पुस्तके आणि तियात्राच्या जाहिराती याच पद्धतीने छापल्या जातात. बाय ती पद्धत वाचतच मोठी झाली.

रोमन लिपीत मराठी ही कालपरवा फोनमुळे आलेली गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांना मी नेहमी राशोलची आठवण देतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 मध्ये तिथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा आणि अक्षरे रोमन. त्यामुळे बायने पाठवलेल्या ओळींना चारशे वर्षांचे वळण होते, एवढेच. पण ते वळण सर्चला ठाऊक असायचे कारण नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी तिचे लेखन आपल्याकडच्या सवयीत आणले. `noko` चे `nako` केले, `chikhol` चे `chikhal`, `kalovum` चे `kalvu`:

```
ugich chikhal kalvu nako re
```

आता निकाल मराठी आले, पण भलतेच. कुणी तरी कुणाला काही तरी करू नको रे म्हणत असलेली ढीगभर गाणी. प्रेमगीते, कोळीगीते, एक लावणी. आपल्या स्मरणाचे असेच असते. गाण्याचा जो भाग पुन्हा पुन्हा येतो तो डोक्यात घट्ट बसतो, आणि नेमका तोच भाग शोधायला निकामी असतो, कारण तो शेकडो गाण्यांत असतो. 'नको रे' हे दोन शब्द मी काढून टाकायला हवे होते. त्या दिवशी ते सुचले नाही.

याहून मोठी अडचण वेगळीच होती आणि ती कळायला मला वेळ लागला. मराठी भजने आणि पदे नेटवर जिथे पूर्ण लिहिलेली आहेत, तिथे ती बहुतेक देवनागरीत आहेत. रोमनमध्ये असते ते फक्त शीर्षक. म्हणजे ध्वनिमुद्रण चढवणारा पहिली ओळ इंग्रजी अक्षरांत देतो आणि थांबतो. आतल्या कडव्यांची ओळ कोणी रोमनमध्ये लिहीत नाही. तेव्हा गाण्याची पहिली ओळ रोमनमध्ये शोधली तर कुठले ना कुठले शीर्षक तिला भिडते. स्पेलिंग थोडे चुकले तरी चालते, कारण लोकप्रिय मुखडा आधी अनेकांनी अनेक तऱ्हांनी टाइप केलेला असतो आणि यंत्राला त्या तऱ्हा माहीत झालेल्या असतात. आतली ओळ रोमनमध्ये शोधली तर तिला भिडायला समोर काहीच नसते. माझ्याकडच्या तिन्ही ओळी आतल्या होत्या. ते कशावरून, ते पुढे सांगतो.

तर देवनागरीत शोधायचे ठरले. आणि इथे मी दोन चुका केल्या, दोन्ही एकाच संध्याकाळी.

पहिली चूक फोनच्या कीबोर्डची, किंवा खरे तर माझ्या डोळ्यांची. मी रोमनमध्ये टाइप करायचे आणि कीबोर्डने देवनागरी द्यायची, ही सोय आता सगळेच वापरतात. ती सोय नुसती अक्षराला अक्षर देत नाही. तिच्यापाशी शब्दांचा साठा असतो आणि रोमन अक्षरांना जुळणाऱ्या शब्दांतला जास्त वापरातला शब्द ती आधी पुढे करते. मी `kalvu` टाइप केले, तिने 'कळवू' दिले. कळवणे हा रोजच्या कामाचा शब्द, कालवणे हा स्वयंपाकघरातला. मी स्पेसबार दाबत पुढे गेलो आणि 'उगीच चिखल कळवू नको रे' असे शोधत बसलो. चिखल कसा कळवणार? पण आपण जे टाइप केले तेच समोर उमटले आहे असे डोळ्यांना वाटत राहते. दुसऱ्या दिवशी चहा घेताना ओळ मोठ्याने वाचली तेव्हा हसू फुटले. आता मी अशा वेळी उमटलेली देवनागरी ओळ नेहमी तोंडाने वाचतो. डोळा फसतो, जीभ अडते.

दुसरी चूक जास्त खोल होती, कारण ती नियमाला धरून होती. पहिली ओळ उलगडताना मी रोमीचे नियम प्रामाणिकपणे लावले. `vivekachi` म्हणजे विवेकाची, यात शंका नाही. `torel` मध्ये `o` हा बहुधा अ. सुरुवातीचा `t` मात्र काहीही असू शकतो: घाईत एकच लिहिलेला ट, किंवा `h` गाळलेला ठ, किंवा त, किंवा थ. तिच्याकडच्या बोलण्यात महाप्राण अनेकदा अल्पप्राण होतो, म्हणून ठ आणि थ सोडून देता येत नव्हते. शेवटी ल किंवा ळ. आणि `oll` मध्ये पुन्हा ल किंवा ळ. चार गुणिले दोन स्वर, गुणिले दोन, गुणिले दोन: दोनच छोट्या शब्दांच्या बत्तीस शक्यता. त्यांतल्या बहुतेक अर्थाने लगेच गळतात. तरेल आणि ठरेल उरतात, आणि विवेकाशी ठरेल जुळते. `oll` बद्दल मी विचारच केला नाही, कारण नियम स्पष्ट होता: दुहेरी `l` म्हणजे ळ. 'विवेकाची ठरेल ओळ.' अर्थही लागत होता. ओळ म्हणजे रेघ, मर्यादा. विवेकाने आखलेली रेघ ठरेल असे बोलावे. वा!

अवतरणचिन्हांत घालून शोधले: शून्य. अवतरणे काढून शोधले: विवेकानंद, विवेक नावाची माणसे, विवेकावरचे निबंध.

दुसऱ्या रात्री मी शोध सोडून पेटीपाशी बसलो आणि तिन्ही ओळी नुसत्या म्हणून पाहिल्या. चाल माहीत नव्हती, पण घडण जाणवली. पहिल्या दोन ओळी आखूड आणि एकमेकींना जोडलेल्या. तिसरी लांब, 'नको रे' वर टेकणारी. ही पदाच्या अंतऱ्याची घडण आहे. कडव्याची शेवटची ओळ ध्रुपदाशी यमक जुळवते म्हणजे गाणाऱ्यांना पुन्हा ध्रुपदावर येता येते. म्हणजे हे कडवे आहे, मुखडा नाही, आणि मुखडाही असाच कुठल्या तरी '-लवू नको रे' वर संपत असणार.

मग पहिल्या दोन ओळींचे यमक. दुसरीचा शेवट `bol`. हा शब्द बायने एका `l` ने लिहिला होता आणि तो बोलच असणार, आधी 'बोलावे' आहे. बोलशी ओळ जुळेल? आपल्या संतकवींच्या रचनेत ल आणि ळ यांची सरमिसळ दिसते, नाही असे नाही. पण तिसऱ्या ओळीत मध्येच 'चिखल' आहे, तोही ल वर संपणारा. तीन जागी तीन ल यायला हवेत असे कानाला वाटत होते. बोल, चिखल, आणि पहिला? ओल.

ओल म्हणताच अर्थही पालटला, आणि इतका नेमका बसला की मला आदल्या दिवशीच्या 'वा!' ची लाज वाटली. ओल ठरणे हा शेतातला अनुभव आहे. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत ओल ठरली तर पेरणीला उपयोग. बोलावे असे की ऐकणाऱ्याच्या मनात विवेकाची ओल टिकेल. आणि त्या ओलीच्या शेजारीच पुढच्या ओळीत चिखल येतो: पाणी जास्त ओतून उगीच कालवाकालव केली की जे होते ते. ओल आणि चिखल ही एकच प्रतिमा आहे. तिथे ओळ घातली की चिखल एकटा पडतो.

ज्यांना अशी मोडकी ओळ सोडवायची आहे त्यांना मी म्हणेन की यमक हे पावतीवरच्या बेरजेसारखे आहे. एखादा आकडा पुसट झाला असेल तर बेरजेवरून काढता येतो. रोमन लिपी मराठीचे जे भेद पुसते, ल-ळ, न-ण, त-ट, ऱ्हस्व-दीर्घ, त्यांतले पुष्कळ यमकाच्या जागी पुन्हा वाचता येतात. फक्त बेरीज आधी बरोबर आहे याची खात्री हवी. इथे ती `bol` ने दिली.

आता शोधायचे काय, हा प्रश्न. पूर्ण ओळ अवतरणांत टाकायची नाही, हे मी ग्रंथपालाच्या सवयीने जाणून होतो. जुनी पदे नेटवर टाकणारा प्रत्येक जण वेगळे शुद्धलेखन वापरतो. कोणी उगिच लिहितो, कोणी उगीच, कोणी उगाच. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर आपण व्युत्पत्तीचे अनुस्वार सोडले, पण जुन्या छापील गाथेवरून उतरवणारा 'कालवूं' असेच लिहितो, आणि अनुस्वार असलेला शब्द व नसलेला शब्द अवतरणांतल्या शोधाला वेगळे वाटू शकतात. गंमत अशी की बायचा `kalovum`, शेवटी तो अनुनासिक `m` असलेला, जुन्या पाठाच्या जास्त जवळ होता. तिचा `bolavem` सुद्धा. तिने ते जुन्या पोथीवरून घेतले नव्हते, कोकणीत अशा शब्दांना अनुनासिक लागतोच म्हणून लिहिले होते. `axem` मात्र पूर्ण कोकणी झाले होते. मुळात तिथे 'ऐसे' आहे, तिच्या तोंडात ते 'अशें' झाले. तो शब्द शोधात घेतला असता तर नियमाने उलगडूनही चुकला असता.

म्हणून दोनच शब्द घ्यायचे, आणि तेही एकत्र क्वचित येणारे. विवेक नको, बोल नको, नको रे नकोच नको. चिखल आणि कालवू. अनुस्वाराचा धोका टाळायला दोन वेळा शोधायचे:

```
"चिखल कालवू"
"चिखल कालवूं"
```

पहिल्याच खेपेला सापडले. एका पानावर पूर्ण पद होते, आणि नाव वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. सोहिरोबानाथ आंबिये. अठराव्या शतकातले, बांदा-पेडण्याच्या बाजूचे, आमचेच. पेडण्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. पद होते 'हरिभजनाविण काळ घालवू नको रे', जे मी शंभर वेळा ऐकले होते आणि ज्याचा फक्त मुखडा मला येत होता.

ते सापडले तरी आनंद करायच्या आधी मी पडताळा घेतला, कारण चिखल कालवणारा दुसरा कवी नसेलच असे नाही. पूर्ण कडवे असे होते:

विवेकाची ठरेल ओल । ऐसे की बोलावे बोल ।
आपुल्या मते उगीच चिखल कालवू नको रे ॥

'आपुल्या मते' हे दोन शब्द बायकडून सुटले होते, बाकी सगळे जागेवर. ध्रुपदाचा अंदाजही बरोबर ठरला: घालवू, मालवू, कालवू. आणि तीन ल चे जे मला जाणवले होते ते इतर कडव्यांतही दिसले. पहिल्या कडव्यात भवा, जिवाशिवा आणि मग तिसऱ्या ओळीत ज्ञानदिवा. शेवटच्यात ज्योती, राती, नेत्रपाती. कवीने बहुतेक वेळी लांब ओळीच्या पोटात ते यमक पुन्हा ठेवले आहे. ओळ असा पाठ त्यात बसत नाही.

आता उलटा प्रवास. शब्द देवनागरीत मिळाले, पण बायला ऐकवायला ध्वनिमुद्रण हवे, आणि ध्वनिमुद्रणांची शीर्षके असतात रोमनमध्ये. पहिल्या ओळीचे रोमन रूप किती तऱ्हांनी होते ते पाहा. हरिभजनाविण: `haribhajanavina`, `haribhajnavin`, `hari bhajanaveen`, शेवटी `a` ठेवा किंवा सोडा, मध्ये जागा सोडा किंवा सोडू नका. काळ: `kal` किंवा `kaal`. घालवू: `ghalavu`, `ghalvu`, `ghalavoo`. संस्कृत शिकलेला माणूस प्रत्येक अ लिहितो, बोलतो तसे लिहिणारा अर्धे गाळतो. काही लोक हेच पद दुसऱ्या ओळीने ओळखतात, 'अंतरीचा ज्ञानदिवा', आणि तिथे ज्ञ ची पंचाईत. मराठी माणूस `dnyan` लिहितो, हिंदीच्या सवयीचा `gyan`, संस्कृत पद्धतीचा `jnana`. तिन्ही एकाच अक्षरासाठी.

नेटच्या सुरुवातीच्या काळात यावर एक शिस्तीचा उपाय निघाला होता, आयट्रान्स नावाचा. त्यात कॅपिटल अक्षरांनी भेद दाखवत: `kALa` म्हणजे काळ, `kAla` म्हणजे काल. त्या काळच्या हौशी लोकांनी गाण्यांच्या मोठ्या याद्या अशा लिहून ठेवल्या. पण सर्चला लहानमोठ्या अक्षरांचा फरक नसतो, म्हणून दोन्ही पुन्हा `kala` होतात. जो भेद टिकवायला एवढी मेहनत केली तो शोधाच्या दारातच गळतो. मला हे नेहमी जरा दुःखाचे वाटते.

इथे मात्र त्रास झाला नाही, कारण हा मुखडा प्रसिद्ध आहे. `haribhajanavin kal ghalavu nako re` असे टाकताच पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे गायन समोर आले. मंगेशीचा माणूस, सोहिरोबांचे पद. मी पूर्ण ऐकले, मुद्दाम, कारण ध्वनिमुद्रणात कडवी गाळतात आणि शीर्षक जुळले म्हणजे आपले कडवे आत आहेच असे होत नाही. मग दुवा बायला पाठवला.

तिचा फोन दहा मिनिटांनी आला. "मास्तर, उतरां तींच. पूण चाल ती न्हय."

याला सर्चकडे उत्तर नव्हते. 2020 पासून फोनवर गुणगुणून गाणे शोधायची सोय आली आहे, पण ती तुमचे गुणगुणणे आधी ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांच्या सुरावटींशी ताडून पाहते. आबांची चाल कुठे मुद्रित झालेलीच नव्हती. ती त्यांच्या वडिलांकडून किंवा सप्ताहातल्या कुणा बुवांकडून आली असेल, आणि तुळशीपुढेच राहिली. शब्द शोधता येतात तशी ती शोधता येत नाही. म्हणून बायला मी फोनवरच म्हणायला लावले. ती लाजली. "म्हजो आवाज भजनाचो न्हय," म्हणाली. मग म्हटले. तीनच ओळी, पण चाल कळायला तेवढ्या पुरल्या. अंतऱ्याची चाल एका कडव्याची मिळाली की सगळ्यांची मिळते, आणि 'नको रे' जिथे टेकत होते त्यावरून ध्रुपद कुठून उचलायचे तेही उमगले. पेटीवर बसवून मी तिला परत ऐकवले. एका जागी तिने थांबवले आणि स्वर खाली घ्यायला सांगितला. तिचे बरोबर होते.

फोन ठेवण्याआधी सहज म्हणून मी तिला ओल-ओळ सांगितले. दोन `l` मुळे माझी एक संध्याकाळ कशी गेली ते हसत हसत सांगितले, आणि म्हटले, मूळ शब्द ओल आहे, एक `l` पुरला असता.

ती हसली नाही. म्हणाली, "ना मास्तर. आबा ओळच म्हणटाले. हांवें आयकलां तशें बरयलां."

मी ठाण्याला फोन करून मुलाला विचारले. कडवे म्हणून दाखवल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हो. ओळच. एकदा आमच्या शाळेतल्या मास्तरांनी त्यांना टोकलं होतं, तर म्हणाले होते, माझ्या बापाने ओळ म्हटलं, मी ओळच म्हणणार."

मंडळाच्या तालमीला दोन तट पडले. आमचे मृदंगवाले म्हणाले, चुकीचा पाठ देवापुढे म्हणू नये, छापील आहे तसे म्हणा. झांजवाला म्हणाला, श्राद्ध आबांचे आहे, पुस्तकाचे नाही. मी मुख्य गाणारा नव्हे, पेटीवाला, त्यामुळे मत विचारले गेले नाही. वहीत मात्र मी कडवे दोन्ही तऱ्हांनी लिहून ठेवले, एकाखाली एक.

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी बाय मडगावहून आली होती आणि अंगणाच्या कडेला खुर्चीवर बसली होती. ते कडवे आले तेव्हा बुवांनी ओल म्हटले. मागच्या रांगेत मुलगा बसला होता, तो जोरात ओळ म्हणाला.